फाईल सोपवताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझी बदली झाल्याचं कळलं, आणि पाणीपुरवठा योजनेच्या फाईलसोबत द्यायच्या टिपणाचा मसुदाही वाचला. सहा पानांपैकी साडेचार पानं प्रशासकीय मान्यतेपासून कार्यारंभ आदेशापर्यंतच्या हकिगतीत गेली आहेत. ती हकिगत फाईलमध्ये क्रमाने लावलेली आहेच. टिपणात तिला चार ओळी पुरेत: गाव, योजनेतली लोकसंख्या २,४००, माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १ लाख ३२ हजार लिटर पाणी, आणि कामाची मुदत ३१ मार्च. प्रत्येक ओळीपुढे फाईलचं पान घाल, म्हणजे चारशे पानं उलटावी लागणार नाहीत.

खरी अडचण पाचव्या पानावरच्या एका वाक्यात आहे. 'ऊर्ध्ववाहिनीचे ८९ टक्के काम पूर्ण' असं तू लिहिलंस. फोनवर विचारलं तेव्हा तूच सांगितलंस की एकूण ३,२०० मीटरपैकी २,८६० मीटर पाइप पडलाय, पण मोजमाप पुस्तिकेत नोंद २,५०० मीटरचीच आहे. म्हणजे ३६० मीटर पाइप जमिनीखाली आहे आणि कागदावर नाही. चर बुजला की तो किती खोल होता, खाली मुरूम-वाळू घातली का, खडक किती मीटर लागला, हे वरून दिसत नाही. खडकातल्या खोदाईचा दर मातीपेक्षा बराच जास्त, त्यामुळे उद्या मक्तेदार सगळा खडकच होता म्हणाला, तर नव्या माणसाकडे उत्तर नसेल. जे त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर त्याने सही करू नये, आणि तुझ्यामुळे ती करायची पाळीही त्याच्यावर येऊ नये. कार्यभार सोडण्याआधी तुझ्या वहीतल्या तारखा आणि साइटवरचे फोटो घेऊन बस. मक्तेदाराच्या माणसासमोर तीन-चार ठिकाणी चर उघडून खोली तपास आणि नोंद तूच पूर्ण कर. दोन दिवस मोडतील, पण हे काम टिपणात 'प्रलंबित' म्हणून ढकलण्यासारखं नाही.

उरलेल्या ३४० मीटरपैकी ६० मीटर राज्यमार्ग ओलांडतो. त्याची परवानगी बांधकाम विभागाकडे आहे. अर्जाची तारीख आणि पान लिहिलंस की झालं. बाकीचे २८० मीटर एकाच शेतातून जातात, आणि तिथे तू 'जागेची अडचण' एवढंच लिहिलंस. ते वाचून कुणी काय करायचं? असं लिहून बघ:

'संमतीपत्र फाईलमध्ये आहे, पण सातबाऱ्यावरच्या तीन भावांपैकी दोघांच्याच सह्या आहेत. तिसऱ्याने कांदा निघेपर्यंत थांबा, असं तोंडी सांगितलं आहे; लेखी काही नाही. कांदा एप्रिलच्या मध्यापर्यंत निघेल. कामाची मुदत त्याआधी, ३१ मार्चला संपते. मुदतवाढीचा प्रस्ताव फेब्रुवारीतच वर जायला हवा. मक्तेदाराची बँक गॅरंटी ३० एप्रिलपर्यंतच आहे, त्यामुळे काम लांबलं तर तीही वाढवून घ्यावी लागेल.'

एका शेतातल्या कांद्यापासून निघालेला धागा बँकेपर्यंत कसा जातो, ते यात दिसतं. फाईलमध्ये ही तिन्ही कागदपत्रं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यांचा संबंध फक्त तुझ्या डोक्यात आहे. आणि तोंडी कबुली तर कुठल्याच पानावर नाही.

बँक गॅरंटीबद्दल मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एक फाईल ताब्यात घेतली. टिपणात 'बँक गॅरंटी जमा आहे' असं लिहिलं होतं आणि कागदही होता. मी तारीख पाहिली नाही. महिन्याभराने मक्तेदार काम सोडून गेला तेव्हा पाहिली, तर गॅरंटी मी रुजू होण्याच्या अकरा दिवस आधीच संपलेली. बँकेने हात वर केले, आणि ते बरोबरच होतं. म्हणून टिपणात रक्कम, बँकेची शाखा, शेवटची तारीख आणि मूळ कागद कुणाच्या कपाटात आहे, हे चारही लिही. मुदत वाढवल्याचं पत्र मक्तेदाराने आणून दिलं, तरी शाखेकडून परस्पर खात्री करून घ्यावी, हेही नोंदव.

आणखी एक गोष्ट तुझ्या मसुद्यात अजिबात नाही. विहिरीची यील्ड टेस्ट नोव्हेंबरमध्ये झाली आहे. नोव्हेंबरात विहीर भरलेलीच असते. आपल्याला १ लाख ३२ हजार लिटर मे महिन्यात हवेत. अहवाल चांगला आहे म्हणून ही जोखीम संपत नाही. मेमध्ये पुन्हा चाचणी घ्यावी, आणि ती होईपर्यंत उद्भव पुरेसा असल्याचं कुणाला लेखी देऊ नये, असं स्पष्ट लिही.

शेवटी नव्या माणसाला घेऊन एकदा विहिरीपासून टाकीपर्यंत चालत जा. वाटेत त्या तिसऱ्या भावाच्या घरी थांबा आणि ओळख करून दे. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून ठेवतो.

तुझा,
जुना उपअभियंता