शिकण्याच्या दोन दिवसांचे पैसे आणि नसलेली वही

"पेणजवळ माझा गणपतीच्या मूर्तींचा छोटा कारखाना आहे. माघी गणपतीच्या आधी पंधरा दिवस सात बायका हिरे चिकटवायला आणि अंगाचा रंग द्यायला घेतल्या. नगावर आठ रुपये ठरले होते. पहिले दोन दिवस शिकण्याचे, त्याचे पैसे नाहीत, हे आधीच सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान्य केलं होतं. आता तिघींनी कामगार कार्यालयात अर्ज दिलाय. पैसे रोख दिले, वही ठेवलेली नाही. मी काय बाजू मांडू? भाद्रपदासाठी पुन्हा माणसं घ्यायची आहेत, तेव्हा काय करू?"

तुमची सगळी बाजू 'वही ठेवलेली नाही' या तीन शब्दांवर येऊन थांबते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू आहे आणि तुमचा माघी गणपतीचा पंधरवडा त्यानंतरचा आहे. या संहितेच्या कलम 59 नुसार, कामगाराने पैसे मिळाले नाहीत किंवा कमी मिळाले असा दावा केला, तर ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. त्या तिघींना काही सिद्ध करायचं नाही, तुम्हाला करायचं आहे. रोख दिलेल्या पैशांची सही नाही, हजेरी नाही, नग किती झाले याची नोंद नाही. मग तुम्ही खरं बोलत असलात तरी ते कशावरून ठरवायचं? माझ्याकडे दर हंगामानंतर हाच प्रश्न येतो, आणि दर वेळी वही नसते. दोनशे रुपयांची वही आणि रोजची दहा मिनिटं वाचवून माणसं वर्षभराचा मनस्ताप विकत घेतात, हे बघून मला खरंच राग येतो.

'त्यांनी मान्य केलं होतं' याचा उपयोग नाही. संहितेखाली देय असलेली रक्कम सोडून देण्याचा कोणताही करार कलम 60 नुसार रद्दबातल आहे. उलट हे वाक्य लेखी उत्तरात लिहिलंत, तर दोन दिवसांचे पैसे दिले नाहीत ही तुमचीच कबुली होईल. 'मूर्तिकाम किमान वेतनाच्या यादीत येत नाही' असंही कोणी सुचवेल. जुन्या कायद्यात ठरावीक उद्योगांची अनुसूची होती. संहितेत ती अट राहिलेली नाही, तेव्हा त्या वाटेने जाऊ नका.

आता नगाच्या दराचं. तुमच्या कामासाठी सरकारने नगाचा किमान दर ठरवलेला नसेल आणि फक्त दिवसाचा दर असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही निदान तो दिवसाचा दर मिळाला पाहिजे, असं कलम 11 सांगतं. हिशेब समजावा म्हणून तुमच्या भागातला दर आठ तासांना 500 रुपये धरू. खरा दर कामगार कार्यालयातून लेखी घ्या, तो महागाई भत्त्याबरोबर बदलत असतो. नवी बाई पहिल्या दिवशी बारा मूर्तींना हिरे लावते, म्हणजे 96 रुपयांचं काम. तरीही तिचे 500 झाले. चौथ्या दिवशी तीस मूर्ती, 240 रुपये, तरीही 500. दहाव्या दिवशी हात बसतो, सत्तर मूर्ती होतात, मग 560 द्यायचे. सगळ्या पंधरवड्याची सरासरी धरली तर चालेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. मी त्यावर विसंबणार नाही, रोजचा हिशेब रोज जुळवावा. शेवटच्या रात्री अकरा तास काम झालं, तर वरच्या तीन तासांना दुप्पट दर, म्हणजे या उदाहरणात तासाला 125 प्रमाणे 375 रुपये. नगावरच्या कामगाराला जादा कामाचा दर कसा लावायचा याबद्दल वाद होऊ शकतो, पण दर दिवसाचाच ठरलेला असेल तर तो द्यावा लागेल हे धरून चाला.

तिघींचे दोन-दोन दिवस या दराने 3,000 रुपये होतात. अधिकारी त्यावर दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो, म्हणजे आणखी 30,000 पर्यंत. दहापट लागेलच असं मी म्हणत नाही, ते तुमच्या वागण्यावरही ठरतं. म्हणून पहिल्याच तारखेला अधिकाऱ्यासमोर या दोन दिवसांचे पैसे देण्याची तयारी लेखी दाखवा आणि रक्कम बँकेतून द्या. रोजच्या दरातली तूट आणि जादा तासांचा वाद मग वेगळा उरेल. तो किती मोठा आहे हे त्यांचा अर्ज पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दाव्याचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा, असं संहिता म्हणते. प्रत्यक्षात पुढच्या तारखा मिळत राहतात आणि तुमचा भाद्रपदाचा हंगाम त्यातच निघून जातो. दावा करायला त्यांना तीन वर्षं आहेत, म्हणजे उरलेल्या चौघीही येऊ शकतात. त्यांचेही देऊन टाका.

एक गोष्ट अजिबात करू नका. आता बसून मागच्या तारखांची वही लिहू नका. एकाच शाईतल्या पंधरा दिवसांच्या सह्या लगेच ओळखू येतात, आणि मग मजुरीचा साधा वाद खोट्या पुराव्याच्या फौजदारी प्रकरणात जातो. त्याऐवजी जे खरं आहे ते गोळा करा: यूपीआयने काही दिलं असेल तर त्या रकमा, व्हॉट्सॲपवर नगांचे आकडे पाठवले असतील तर ते, व्यापाऱ्यांना गेलेल्या मालाच्या चलनांच्या तारखा. यातून निदान कोण किती दिवस होतं हे उभं राहतं.

भाद्रपदासाठी वही पहिल्या सकाळपासून ठेवा. नाव, आल्याची आणि गेल्याची वेळ, कोणतं काम, किती नग, त्या दिवशीचे पैसे आणि संध्याकाळी बाईची सही किंवा अंगठा. उचल दिली तर तीही त्याच ओळीत. पंधरवड्याचा हिशेब ठरवलात तर तो पंधरवडा संपल्यावर दुसरा दिवस संपायच्या आत चुकता झाला पाहिजे. 'विसर्जन झालं की बघू' हे चालणार नाही, आणि वेतनचिठ्ठीही द्यायची आहे.

शिकवण्याचा वेळ कमी करायचा असेल तर काम वाटून द्या. खंडित मूर्तीवर हिरे चिकटवायला तास-दोन तासांत शिकवता येतं, त्यामुळे नव्या बाईला फक्त तेच द्या. अंगाचा रंग नंतर. डोळ्यांची आखणी जुन्या कारागिरांकडेच राहू द्या, घाईत बिघडलेल्या मूर्तीचे पैसे मजुरीतून कापायचे म्हणाल तर तो वेगळा वाद आहे आणि त्यात तुम्ही बहुधा हराल. शिकवण्याचे तास मात्र हजेरीत धरा, कारण तेव्हाही ती बाई तुमच्या शेडमध्ये, तुमच्या सांगण्यावरून काम करत असते.

अपघाताची जबाबदारी आणि विमा यांबद्दल तुमच्या शेडची माहिती नसताना सांगणं बरोबर होणार नाही. नोटिशीची प्रत, तारीख आणि तिन्ही अर्ज घेऊन तुमच्या जवळच्या वकिलाकडे या आठवड्यातच जा. पहिल्या तारखेला गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होऊ शकतो, आणि मग व्हॉट्सॲपचे आकडे दाखवायलाही जागा राहणार नाही.