मँडरिनमधील ‘बू’, ‘ई’ आणि हलका सूर

प्रश्न : ‘नाही’ या अर्थाचा ‘बू’ पुस्तकात चौथ्या सुरात छापलेला आहे, पण आमच्या बाई ‘बू याओ’ म्हणताना तो वर चढवतात. ‘ई ग’मध्ये (एक) तर ‘ग’ला सूरच नाही, मग ‘ई’ का बदलतो?

उत्तर : मँडरिनचा पहिला सूर उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा आणि चौथा वरून झपकन उतरणारा असतो, येथे अक्षरापुढे सुराचा अंक लिहितो. ‘बू’ मूळ चौथ्या सुराचा आहे आणि पुढचे अक्षरही चौथ्या सुराचे असले, तरच तो दुसऱ्या सुरात जातो. म्हणून ‘नको’ हे बू२ याओ४ असे म्हणतात, परंतु बू४ थिंग१ (ऐकत नाही), बू४ लाइ२ (येत नाही) आणि बू४ हाओ३ (चांगले नाही) यांत तो उतरताच राहतो. पुस्तकात चूक नाही, कारण रोमन लिपीत चिनी लिहिताना सामान्यतः मूळ सूरच दाखवतात आणि बदल वाचणाऱ्याने करायचा असतो.

‘ई’ मूळ पहिल्या सुराचा आहे. चौथ्या सुरापूर्वी तोही दुसरा होतो, जसे ई२ यांग४ (सारखे). इतर तिन्ही सुरांपूर्वी मात्र तो चौथा होतो, जसे ई४ थ्येन१ (एक दिवस) आणि ई४ न्येन२ (एक वर्ष).

हलक्या सुराच्या अक्षराला स्वतःची ठरलेली उंची नसते. ते आखूड आणि बिनजोराचे असते, आणि त्याची उंची मागच्या अक्षरावर ठरते. मा१ मा (आई) यात दुसरा ‘मा’ खाली येतो, तर नाइ३ नाइ (वडिलांची आई) यात दुसरा ‘नाइ’ पहिल्यापेक्षा वर जातो. दोन्ही जोड्या मोठ्याने म्हणून पाहिल्यास हा फरक कानाला लगेच कळतो.

आता ‘ई ग’. ‘ग’ हा वस्तू मोजताना संख्येनंतर येणारा शब्द आहे आणि तो मूळ चौथ्या सुराचा आहे. बोलण्यात तो हलका झाला, तरी ‘ई’ त्याच्या मूळ सुरालाच मानतो. म्हणून उच्चार ई२ ग असाच होतो, आणि ‘ग’ला सूर नाही असे समजून ई४ ग म्हणणे चुकते.

‘ई’ क्रमांक सांगत असेल, तर मात्र तो बदलत नाही. ई२ ग युए४ म्हणजे एक महिना, पण ई१ युए४ म्हणजे पहिला महिना, अर्थात जानेवारी. येथे पुढे चौथा सूर असूनही ‘ई’ सपाटच राहतो. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत मी येथेच पाहिली आहे. ‘पहिला धडा’ या अर्थाच्या दी४ ई१ ख४ मध्येही तसेच होते.

‘बू’ स्वतःही हलका होऊ शकतो. याओ४ बू याओ४ (हवे की नको) असे विचारताना तो दोन क्रियापदांच्या मध्ये सापडतो, आणि पुढे चौथा सूर असला तरी तेथे तो चढवायचा नसतो, फक्त आखूड उच्चारायचा असतो.