फोन खाली ठेवण्याआधी तारीख विचार

म्हापसा

बाय,

पाणी तापवणारा हीट पंप विकण्यासाठी कांदोळीच्या त्या हॉटेलशी झालेल्या तुझ्या व्हॉट्सॲप संवादाचे फोटो पाहिले. मंगळवारी मीटिंग झाली. गुरुवारी तू लिहिलंस, ‘सर, काही ठरलं का?’ शनिवारी ‘रिमाइंडर’, सोमवारी ‘सर, प्लीज अपडेट’ आणि बुधवारी नुसतं हात जोडलेलं चित्र. चारही मेसेजना निळ्या टिका आहेत, उत्तर एकालाही नाही. ‘मागे लागल्यासारखं वाटतं का?’ असं तू विचारलंस. हो, वाटतं. चार मेसेज पाठवलेस म्हणून नव्हे. त्या चारही मेसेजमध्ये त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी तू मागितलंस, दिलं काहीच नाहीस.

खरी चूक मात्र मीटिंगमध्येच झाली. तूच सांगितलंस की उठताना मालक म्हणाले, ‘चवथीनंतर बघू.’ ते तुला टाळणं वाटलं. गोव्यात ऑगस्टमध्ये हे वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. गणपतीच्या चवथीला निम्मे कामगार गावी जातात, अकाउंटंटही जातो, आणि ऑक्टोबरच्या सीझनआधीचे खर्च त्यानंतरच ठरतात. त्याच क्षणी विचारायचं होतं, ‘चवथीनंतर कुठल्या दिवशी फोन करू? आणि तोपर्यंत तुम्हाला माझ्याकडून काय हातात हवं?’ तारीख त्यांच्या तोंडून आली की त्या दिवसाचा तुझा फोन त्यांना जाच वाटत नाही, तू शब्द पाळलास असं वाटतं.

आता हीच मीटिंग नव्याने धरू. तीस खोल्यांचं हॉटेल, गच्चीवर जुना सोलर, आणि तू हीट पंप विकतेस.

पहिला मेसेज त्याच दिवशी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास. हॉटेलवाल्यांची सकाळ चेक-आउटमध्ये जाते आणि दुपारी एक ते साडेतीन गोव्यात कुणाला त्रास देऊ नये. लिहायचं असं: ‘नमस्कार साहेब. आज वेळ दिलात, आभारी आहे. तुम्ही सांगितलेलं लिहून ठेवलंय: पावसात सोलरचं पाणी कोमट येतं, सकाळी आठ ते दहा वरच्या मजल्यावर गरम पाणी संपतं, आणि गच्चीवर मशीनचा आवाज खालच्या खोल्यांत जाता कामा नये. शुक्रवारी दुपारी कोटेशन आणि विजेचा हिशेब पाठवते. माझं काही चुकीचं समजलं असेल तर सांगा.’ यात एकही मागणी नाही. तरी बऱ्याचदा उत्तर येतं, कारण आपलं म्हणणं कुणी थोडं चुकीचं लिहिलं की माणूस दुरुस्त करतो. ‘वरचा नव्हे, मागच्या विंगचा प्रॉब्लेम आहे,’ एवढं आलं तरी तुझं कोटेशन सुधारतं.

दुसरा मेसेज शुक्रवारी, ठरल्याप्रमाणे. उशीर होणार असेल तर गुरुवारीच कळव. बारा पानांची पीडीएफ पाठवलीस तरी मेसेजमध्ये हिशेब चार ओळींत हवा, कारण मालक तो फोनवर वाचतात आणि अकाउंटंटला तसाच पुढे पाठवतात. खोलीमागे १०० लिटर धरले तर दिवसाला ३,००० लिटर. ते ३० अंशांनी तापवायला साध्या गीझरला साधारण १०५ युनिट लागतात. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेतो, म्हणून त्याला गीझरच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच वीज, म्हणजे ३५ युनिटांच्या आसपास लागते. फरक ७० युनिटांचा. त्यांच्या बिलातला दर त्यांनाच घालू दे. आणि पुढची ओळ विसरू नकोस: ‘ही बचत ढगाळ दिवसांची आहे. कडक उन्हात तुमचा सोलर काम करतो, तेव्हा एवढा फरक पडणार नाही.’ हे त्यांचा इंजिनियर सांगणारच आहे. तू आधी सांगितलंस तर तो तुझ्या बाजूने बोलेल. कोटेशन ३० दिवस लागू असेल तर तेही इथेच लिही. तीन आठवड्यांनी एकदम ‘भाव वाढणार आहे’ असं सांगितलं तर ती धमकी वाटते, खरं असलं तरी.

तिसरा मेसेज चार-पाच कामाच्या दिवसांनी, आणि तो मालकांना नाही, इंजिनियरला. त्याने समुद्राच्या खाऱ्या हवेबद्दल विचारलं होतं ना? कांदोळीत तो प्रश्न अगदी रास्त आहे. बाहेरच्या युनिटच्या कॉइलच्या पात्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात. कंपनीकडून लेखी उत्तर आण: पात्यांवर कोटिंग कसलं आहे, गोड्या पाण्याने किती दिवसांनी धुवायच्या, गंजल्या तर वॉरंटी लागू होते की नाही. नसेल तर नाही म्हणून सांग. गच्चीचा फोटो घेऊन, युनिट कुठे बसवलं तर खाली आवाज जाणार नाही, ते खूण करून पाठव. अशा मेसेजला ‘काही ठरलं का?’ची शेपूट जोडू नकोस. जोडलीस की आधीचं सगळं निमित्त ठरतं.

मग चवथ. शुभेच्छा द्यायच्या तर नुसत्या द्याव्या, कंपनीचा लोगो लावलेलं गणपतीचं चित्र नको.

चौथा मेसेज त्यांनी दिलेल्या दिवशी. महिन्याभरात ते सगळं विसरलेले असतात, म्हणून दोन ओळींत आठवण दे आणि सोपा प्रश्न विचार: ‘या आठवड्यात अकाउंटंटबरोबर पंधरा मिनिटं बसू, की हे काम सीझननंतर ठेवायचं?’ दुसरा पर्याय मनापासून दे. ‘नाही’ म्हणायला वाट नसली की माणूस गप्प बसतो. उत्तर नाही आलं तर तीन दिवसांनी एकच फोन, चारनंतर, शनिवार-रविवार सोडून. ‘तुम्ही मेसेज पाहिलात’ हे कधीही बोलू नकोस, निळ्या टिकेचा हिशेब मागितल्यासारखं होतं.

मी हे मडगावात शिकलो. आठ दिवसांत पाच फोन केले तेव्हा एक मालक शांतपणे म्हणाले, ‘तुमकां घाई आसा, म्हाका ना.’ ऑर्डर गेली. नंतर कळलं की त्या आठवड्यात त्यांच्या घरी आजारपण होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं की कधी बोललेलं सोयीचं होईल.

फोननंतरही आठवडाभर काही आलं नाही तर शेवटचा मेसेज: ‘साहेब, या सीझनला हे काम होणार नाही असं धरून मी फाईल बाजूला ठेवते. हिशेब आणि गच्चीचा खूण केलेला फोटो तुमच्याकडे आहेच, दुसऱ्याकडून घेतलंत तरी उपयोगी पडेल. मेच्या शेवटी बुकिंग उतरल्यावर एकदा फोन करीन.’ आणि मेपर्यंत खरोखर गप्प राहायचं.

तुझे चार मेसेज आता परत घेता येत नाहीत. माफी मागणारा पाचवा पाठवू नकोस, त्यालाही उत्तर द्यायचं ओझं त्यांच्यावरच पडतं. उद्या कंपनीला फोन करून कोटिंगचं लेखी उत्तर मिळव आणि इंजिनियरला पाठव. त्यालाच विचार, चवथीनंतर मालक कुठल्या दिवशी निवांत असतात. तो दिवस डायरीत लिही आणि तोवर मालकांना काहीही पाठवू नकोस.

तुझा काका