वारशाच्या घराचे पैसे परदेशी न्यायचे आहेत आणि बँक ‘टॅक्स क्लिअरन्स’ मागते

प्रश्न : मी मूळची बेळगावच्या शहापूरची, लग्नानंतर 2011 पासून मँचेस्टरला. पासपोर्ट भारतीयच आहे. वडिलांनी 1983 मध्ये घेतलेलं घर आई-वडील गेल्यावर भाऊ आणि मी मिळून नोव्हेंबर 2025 मध्ये 90 लाखांना विकलं. निम्मे माझे. घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून बाकीची रक्कम बेळगावच्या माझ्या जुन्या बचत खात्यात भरली. पैसे इकडे पाठवा असं पत्र बँकेला दिलं, तर ‘टॅक्स क्लिअरन्सचे कागद लावा’ म्हणून परत आलं. आयकर कचेरीतून कुठलं सर्टिफिकेट आणू? आणि पत्र कसं लिहू?

उत्तर : ताई, आयकर कचेरीत खेटे घालू नका. त्या नावाचा दाखला कायद्यात आहे खरा, पण तो देश सोडून जाणाऱ्या काही ठरावीक लोकांसाठी. बँकेला हवेत ते फॉर्म 15सीबी आणि 15सीए. कर भागला आहे की नाही हे कागद बघून चार्टर्ड अकाउंटंट पडताळतो आणि आयकराच्या पोर्टलवर 15सीबी देतो. त्याच्या आधारावर तुम्ही तुमच्या लॉगिनने 15सीएचा भाग ‘सी’ भरता. हे दोन्ही फॉर्म पैसे निघायच्या आधी भरून व्हावे लागतात.

पण तुमचा सीए अडणार आहे तो त्या 1 टक्क्यावर. तो दर विकणारा भारतात राहणारा असेल तेव्हाचा. विकणारा अनिवासी असला की कलम 195 लागतं. तिथे 50 लाखांच्या आतल्या विक्रीला सूट नाही, घेणाऱ्याला टीडीएस भरण्यासाठीचा टॅन क्रमांक काढावा लागतो आणि विवरणपत्र 27क्यू भरावं लागतं. बाँड रायटर आणि घेणारा दोघंही सवयीने निवासी विकणाऱ्यासाठीचा 26क्यूबी फॉर्म भरून मोकळे होतात. विकणारी मँचेस्टरला असते हे खरेदीखतातल्या पत्त्यावरून दिसत असतं, पण तिकडे लक्ष कोण देतं? तुमच्या हिश्श्यावर 45,000 कापले गेले. कापायला हवे होते 12.5 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 45 लाखांवर 5,85,000. अनिवासीच्या बाबतीत कपात नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर होते. ती कमी करून हवी असेल तर विक्रीच्या आधी फॉर्म 13 भरून कमी दराचा दाखला घ्यायचा असतो. ती वेळ आता गेली.

तुमचा खरा कर मात्र नफ्यावरच आहे. वडिलांनी घर 1983 मध्ये घेतलेलं, म्हणून खर्च धरताना 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढा. ही किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या गायडन्स व्हॅल्यूच्या वर जाता कामा नये. समजा पूर्ण घराची किंमत 8 लाख निघाली. तुमचा हिस्सा 4 लाख, नफा 41 लाख, त्यावर 12.5 टक्के म्हणजे 5,12,500. सेस 20,500 मिळवून 5,33,000. महागाई निर्देशांकाची सवलत अनिवासीला नाही. भावाला 20 टक्के दराने तो पर्याय आहे, पण या आकड्यांत त्यालाही 12.5 टक्केच स्वस्त पडेल, तेव्हा त्यावरून वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या पॅनवर 45,000 जमा दिसतात का ते आयकराच्या 26एएस या उताऱ्यात तपासा. मग उरलेले 4,88,000 तुम्ही स्वतः आगाऊ कर म्हणून 15 मार्च 2026 पर्यंत भरा. त्याचं चलन आणि नफ्याचा हिशोब हाती असला की सीएला 15सीबी द्यायला आधार मिळतो. काही सीए तरीही म्हणतात, आधी घेणाऱ्याने टीडीएस दुरुस्त करावा. पण त्याने तुमची सगळी रक्कम चुकती केली आहे. आता तो पदरचे पाच लाख भरून ते नंतर तुमच्याकडून वसूल करणार, हा द्राविडी प्राणायाम कशाला? त्याच्या अंगावर येणारी थकबाकीही टळू शकते. तुम्ही जुलैत विवरणपत्र भरून हा नफा दाखवलात आणि सीएने फॉर्म 26ए दिला, की त्याला कसूरदार धरत नाहीत. फक्त तोपर्यंतचं दरमहा 1 टक्का व्याज त्याला पडतं. त्याला हे आत्ताच सांगून ठेवा, नोटीस आल्यावर नको.

दुसरी अडचण खात्याची. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करायला हवं होतं. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा देऊन त्याच बँकेत ते एनआरओ करून घ्या. रक्कम आहे तिथेच राहील. ती मधल्या मध्ये भावाच्या खात्यात फिरवू नका, नाहीतर वारशाशी असलेला तिचा धागा तुटतो आणि बँक तिला बक्षीस समजू लागते.

आता पत्र. इंग्रजीत लिहा, सही तुमचीच, मजकूर साधारण असा :

“माझ्या एनआरओ खात्यातून रु. 39,67,000 मँचेस्टर येथील माझ्या स्वतःच्या खात्यात पाठवावेत. ही रक्कम शहापूर, बेळगाव येथील सि.स. क्र. … या घराच्या विक्रीतील माझ्या निम्म्या हिश्श्याची आहे. घर वडिलांनी 1983 च्या खरेदीखताने घेतले आणि आई-वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने भाऊ व माझ्याकडे आले. विक्रीचा दस्त क्र. … दि. …, मोबदला याच खात्यात दि. … रोजी जमा झाला. भांडवली नफ्यावरील रु. 5,33,000 कर पूर्ण भरला आहे. चलन, 15सीए आणि 15सीबी सोबत आहेत. ही रक्कम धरून या आर्थिक वर्षात सर्व बँकांमार्फत मी परदेशी पाठवलेली एकूण रक्कम 10 लाख अमेरिकन डॉलरच्या आत आहे. बँकेचे शुल्क याच खात्यातून घ्यावे.”

ते शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. परकीय चलनाच्या नियमांनुसार अशी हमी द्यावीच लागते. बहुतेक बँकांचा तिचा छापील नमुना असतो, शिवाय ए2 फॉर्मही भरायचा असतो. रक्कम हप्त्यांनी न्यायची असेल तर सगळे हप्ते एकाच बँकेतून जावे लागतात.

वारशाचा पुरावा म्हणून दोघांचे मृत्यू दाखले, वंशावळ, भावंडांची नावं लागलेला सिटी सर्व्हेचा उतारा आणि दोन्ही खरेदीखतं जोडा. शाखेतल्या अधिकाऱ्याला कन्नड येत असतं, पण फाइल परकीय चलन विभागात जाते आणि तिथे कन्नड वाचणारा असेलच असं नाही. म्हणून वंशावळ, उतारा आणि खरेदीखतं यांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर पहिल्यांदाच लावा. उताऱ्यावर तुमचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखलाही हवा. मुलींच्या फायली जास्तकरून इथेच परत येतात.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. बँकेच्या टेबलावर त्या दिवसांत गोंधळ होणार, तेव्हा जमलं तर मार्चच्या आत पैसे निघू द्या. इंग्लंडमध्येही या नफ्यावर कर बसू शकतो. इथे भरलेल्या कराची वजावट मिळावी म्हणून चलनाची प्रत तिकडच्या अकाउंटंटला द्या.