प्रत्येक वाक्याला 'इझन्ट इट' का चालत नाही?

प्रश्न: मी बोलताना सगळीकडे 'इझन्ट इट' नाहीतर 'नो' लावतो. नाशिकच्या क्लासमधले सर म्हणतात, विचित्र वाटतं. का?

उत्तर: कारण आपण आपला 'ना' इंग्रजीत नेतो. 'तू पंचवटीत राहतोस ना?', 'काल द्राक्षं आली ना?' दोन्हीकडे 'ना' तसाच राहतो, कर्ता-काळ काही बघत नाही. इंग्रजीतलं शेपूट मात्र आधीच्या वाक्यातला कर्ता आणि सहायक क्रियापद उचलतं आणि होकाराचा नकार करतं.

'युअर ब्रदर वर्क्स इन सातपूर' हे वाक्य घ्या. 'ब्रदर'चा झाला 'ही'. सहायक क्रियापद दिसत नाही, पण 'वर्क्स'च्या पोटात 'डझ' लपलेलं आहे. प्रश्न विचारताना ते बाहेर येतंच. म्हणून 'डझन्ट ही?'. तिथे 'इझन्ट इट' म्हटलं की ऐकणारा विचारात पडतो, हे 'इट' कोण? भाऊ तर नक्कीच नाही! वाक्य नकारार्थी असेल तर उलट: 'शी कान्ट कम, कॅन शी?'

'इट्स हॉट टुडे, इझन्ट इट?' इथे ते चपखल बसतं, कारण 'इट' आणि 'इज' दोन्ही वाक्यातच आहेत.

भारतीय इंग्रजीत सरसकट 'इझन्ट इट' सर्रास चालतं, लंडनमधली पोरंही 'इनिट' कुठेही चिकटवतात. पण मुलाखतीत, परीक्षेत खटकतं. बोलताना शेपूट सुचलंच नाही, तर सरळ 'राइट?' म्हणा, त्याला कर्ता लागत नाही. 'नो?' गप्पांपुरतं ठीक.