अवर्षण, अतिवृष्टी आणि नववीचा वर्ग

प्रश्न: "नववीला मराठी शिकवतो. शब्दार्थ पाठ करून घेतले की चाचणीत बरोबर लिहितात, पण अपठित उताऱ्यात तोच शब्द जरा रूप बदलून आला की अडतात. शब्दकुळं आणि संदर्भावरून अर्थ काढणं हे दोन्ही एकत्र कसं घ्यायचं? कुणी वर्गात करून बघितलंय का?"

सर, मी खटाव तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवते आणि हे बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. आधी संदर्भ, मग शब्दाचं कुळ, आणि मग परत वाक्याकडे, हा क्रम धरा. मी सुरुवातीला उलटं करायचे. फळ्यावर 'हार' लिहायचा आणि त्याच्या पुढेमागे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार अशी रांग लावायची. मुलांना तेवढ्यापुरतं आवडायचं पण आठ दिवसांनी विचारलं तर परिहाराला संहाराचा अर्थ आणि प्रहाराला आणखी कशाचा तरी, कारण सारखे दिसणारे सहा शब्द एकाच तासाला डोक्यात गेले की ते एकमेकांतच गुंततात. आता एका वेळी एकच कुळ घेते, त्यात चार-पाच शब्द, आणि त्यातले निदान दोन मुलांना आधीच माहीत असलेले.

एक शब्द कसा घेते ते सांगते. उतारा मी स्वतःच लिहिते, शंभरेक शब्दांचा, त्यात नवे शब्द दोनच. वाचनावर काम केलेल्या पॉल नेशन वगैरे लोकांनी इंग्रजीच्या बाबतीत असं मांडलंय की मदतीशिवाय समजायचं तर मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. मराठीला हा आकडा तंतोतंत लागू होतो असं मी म्हणत नाही, पण एका परिच्छेदात सात-आठ अवघड शब्द टाकून 'संदर्भावरून ओळखा' म्हटलं तर संदर्भच उरत नाही हे वर्गात लगेच दिसतं.

तर वाक्य होतं, "माण तालुक्यात सलग दुसऱ्या वर्षी अवर्षण झाले. विहिरींनी तळ गाठला आणि जनावरे छावणीत न्यावी लागली." अर्थ काय असेल विचारलं तर निम्मा वर्ग म्हणाला दुष्काळ. एक जण म्हणाला, "बाई, रोगराई आली आसंल, जनावरं हलवली म्हणून." दोन्ही अंदाज मी फळ्यावर लिहून ठेवले, चूक-बरोबर काहीच बोलले नाही. रोगराई वर्गानंच खोडली, रोगराईनं विहिरी कशा आटतील म्हणून. मग पुढचं वाक्य दिलं, "अवर्षणामुळे दुष्काळ जाहीर करावा लागला," आणि सांगितलं आता तुमचा अर्थ त्या शब्दाच्या जागी ठेवून वाचा. "दुष्काळामुळे दुष्काळ जाहीर करावा लागला" हे वाचल्यावर ती स्वतःच थांबली. म्हणजे अर्थ जवळपासचा आहे पण तोच नाही. संदर्भ साधारण इथपर्यंतच आणून सोडतो, आणि इथंच शब्द फोडायला घ्यायचा.

फोडताना पहिली अडचण अशी की मुलं 'अव' वेगळा काढतात, अवगुणसारखा, आणि मागे उरतो 'र्षण'. त्यासाठी एकच कसोटी सांगून ठेवलीय: पुढचा तुकडा काढल्यावर जे उरलं ते कुठल्यातरी ओळखीच्या शब्दात दिसतं का? 'र्षण'ला वेगळा अर्थ नाही. 'वर्षण' म्हटल्यावर मात्र मागून आवाज आला, "वर्षाव! अभिनंदनाचा वर्षाव, बॅनरवर असतं की." मग वर्षा आलं, आणि अ म्हणजे नाही हे त्यांना अशक्त, अज्ञान यातून माहीतच होतं. न बरसणं, पाऊस न पडणं. हा अर्थ वाक्यात परत ठेवला, नीट बसला, आणि अवर्षण हे कारण, दुष्काळ हा परिणाम हेही त्यांचं त्यांनाच सापडलं. एका मुलीनं विचारलं वर्ष पण यातलंच का. हो, यातलंच, एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत. आपली म्हातारी माणसं म्हणतात ना, "एवढे पावसाळे बघितलेत."

दुसऱ्या दिवशी अतिवृष्टी घेतला. हा शब्द आपल्या सातारा-सांगलीच्या मुलांना 2019 च्या पुरामुळे आणि पंचनाम्यांमुळे ऐकून माहीत असतो, पण त्याचं वर्षावाशी नातं आहे हे दिसत नाही, कारण एकात वृ आणि एकात वर्. सर, इथं मात्र घाई करू नका, कारण हा एक धागा हाताला लागला की बरीच कुळं सुटतात. ऋ चा अर् होतो. वृष्टी-वर्षाव, दृष्टी-दर्शन, स्मृती-स्मरण, मृत-मरण, वृद्धी-वर्धन. मुलं ऋ चा उच्चार 'रु' करतात म्हणून ही जोडी कानाला कळत नाही, डोळ्यांनीच दाखवावी लागते, म्हणून मी दोन शब्द एकाखाली एक लिहून तेवढंच अक्षर रंगीत खडूनं काढते. नियमाचं नाव सांगत नाही. पाच जोड्या झाल्या की सहावी त्यांच्याकडून मागते.

आता हे कुठं फसतं तेही लिहिते. "प्रचार जोरात झाला तरी मतदार उदासीन राहिले, मतदान कमी झाले." मुलं म्हणतात उदासीन म्हणजे उदास, मतदारांना वाईट वाटत होतं म्हणून ते गेले नाहीत. इथं उदास हा खरोखरच त्याच कुळातला शब्द आहे आणि वाक्यातही तो अर्थ चालून जातो, म्हणजे कुळ आणि संदर्भ दोन्ही मिळून चुकीकडे नेतात. शब्दसंग्रहावर संशोधन करणाऱ्या इझाबेल बेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्येच दाखवलं होतं की सगळे संदर्भ मदत करत नाहीत, काही तर वाचणाऱ्याला भलतीकडे वळवतात. अशा ठिकाणी ओढूनताणून ओळखायला लावू नका, अर्थ सरळ सांगा: ज्याला कशाचंच काही वाटत नाही असा, अलिप्त. मग आसन, आसीन दाखवा. आसीन म्हणजे बसलेला, उदासीन म्हणजे बाजूला जाऊन बसलेला. एवढं चित्र दिलं की पुरतं. तसंच उपहार. त्याचा अर्थ भेटवस्तू, पण मुलांना तो उपाहारगृहातला उपाहार वाटतो. शिक्षा पण तसाच, शिक्षण-शिक्षकच्या कुळातला असून मराठीत अर्थ दंडाचा. असे शब्द मी वेगळ्या पानावर लिहून घेते, वहीच्या शेवटून.

तपासायचं कसं, तर शब्दार्थ लिहा हा प्रश्न या कुळांसाठी मी बंद केला. पंधरा दिवसांनी एक नवा उतारा देते आणि त्यात वर्गात कधीच न घेतलेला भाऊबंद टाकते, या कुळासाठी पुष्पवृष्टी किंवा अनावृष्टी. प्रश्न दोन असतात, अर्थ काय, आणि तो कशावरून ठरवला. दुसऱ्याला जास्त गुण. एखादा अनावृष्टीला दुष्काळ लिहितो आणि कारण देतो "पिके वाळली असे वाक्यात आहे," त्याला संदर्भ वापरता येतोय पण शब्द फोडता येत नाही. दुसरा लिहितो "वृष्टी म्हणजे पाऊस, म्हणून भरपूर पाऊस," त्यानं पुढचं अक्षर बघितलंच नाही आणि वाळलेल्या पिकांकडेही परत गेला नाही. पहिल्याला मी जोड्या परत देते, दुसऱ्याला फक्त अर्थ जागी ठेवून वाक्य मोठ्यानं वाचायला लावते.