घटका बुडते, प्रहर पडतो, आणि तास?

प्रश्न : आजोबांच्या मुंबईच्या जुन्या पंचांगात 22 डिसेंबरच्या तिथीपुढे '17 घ. 25 प.' असं छापलंय. म्हणजे घड्याळात किती वाजता? आणि आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एक जण म्हणतो, पहिला प्रहर सकाळी 6 ते 9, दुसरा 9 ते 12. बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं. 17 घटकांची 408 मिनिटं, 25 पळांची 10, एकूण 6 तास 58 मिनिटं. ही सूर्योदयापासून मोजायची, मध्यरात्रीपासून नव्हे. त्या सुमारास आपल्याकडे 7 वाजून 8 मिनिटांनी उजाडतं, म्हणजे तिथी दुपारी 2 वाजून 6 मिनिटांनी संपली. तोंडी हिशेब हवा असेल तर अडीच घटकांचा एक तास धरावा.

पंचांग कुठल्या गावचं तेवढं आधी बघायचं. विषुवदिनाच्या सुमारास नागपूरला सूर्य ठाण्याच्या साधारण 24 मिनिटं आधी उगवतो, म्हणजे नेमकी एक घटका. नागपूरच्या घटका ठाण्याच्या सूर्योदयात मिळवल्या की अख्खी घटका चुकते, आणि चुकल्याचं कळतही नाही, कारण उत्तर दिसायला ठीकच दिसतं.

आता ते 6 ते 9. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. प्रहर म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा किंवा रात्रीचा चौथा हिस्सा. दिवस लहान तर प्रहरही लहान. तुमच्या 22 डिसेंबरला दिवसाचा प्रहर जेमतेम पावणेतीन तासांचा आणि रात्रीचा सव्वातीनचा. जूनअखेर दिवसाचा प्रहर 3 तास 19 मिनिटांवर जातो. तीन तास ही सरासरी, साडेसात घटकांची. आणि 'रात्रीचा तिसरा प्रहर' म्हणजे रात्रीचे तीन वाजले असं लिहिणाऱ्यांना तर हात जोडावेत. तो मध्यरात्रीला सुरू होतो.

शब्दच बघा ना. प्रहर आणि प्रहार एकाच धातूचे, 'प्र' लावलेल्या 'हृ'चे. पाळी संपली की टोला पडायचा, तो प्रहर. त्या पाळीवर जागणाऱ्याचं काम ते पहारा. 'प्रहर'चा झिजून 'पार' झाला आणि तो रामपारी आणि दुपारी यांत राहिला. दुपार म्हणजे दोन प्रहर सरले ती वेळ, सूर्य डोक्यावर. ठाण्यात डिसेंबरात ती येते 12 वाजून 37 मिनिटांच्या आसपास, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि आपण त्र्याहत्तराच्या अलीकडे राहतो. बाराच्या ठोक्याला 'ऐन दुपार' म्हणणारा ठाणेकर अर्धा तास घाई करतो.

पण खरी गंमत टोल्याच्या भांड्यात आहे. घटिका म्हणजे छोटा घट : तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवायची, भरून बुडाली की 24 मिनिटं झाली. लग्नात जोशीबुवा तिच्याकडेच डोळे लावून बसत. 'घटका भरली' हे आधी अगदी शब्दशः होतं. वाटी बुडाली की काशाच्या थाळीवर टोला. उत्तरेत ही थाळी वाजवणारे घड्याळजी प्रहराचे टोले फक्त प्रहर संपताना देत, एरवी नुसत्या घटकाच मोजत. रात्री जाग आलेल्याला कुठला प्रहर चाललाय ते कळत नसे. म्हणून रात्री दर वेळी घटकांनंतर थोडं थांबून प्रहराचेही टोले द्यावेत असा हुकूम आपण काढला, असं बाबराने आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आणि त्या थाळीला मराठीत काय म्हणत? तास! फारसीत तास म्हणजे वाडगा, भांडं. मराठीत ते टोल्याची थाळी झालं, आणि थाळीवरून त्या काळालाच तास म्हणू लागले. काही मंडळी 'तासणे'वरून दिवसाचे तासलेले तुकडे काढून दाखवतात. तासलेला तुकडा म्हणजे ढलपी, महाराज, आणि ढलपीवर टोला पडत नाही. एकीकडे पाण्यात बुडणारं भांडं, दुसरीकडे वाजणारं. आपण अडीच घटकांचा एक तास करतो तेव्हा अडीच वाट्यांची एक थाळी करत असतो.

सोसायटीतल्या गृहस्थांना सांगा, 6 ते 9 हा पहिला प्रहर आपल्याकडे जवळपास जमतो तो मार्चात आणि सप्टेंबरातच, आणि तेव्हाही अर्धा तास उशिराने.